पोकळ ब्लॉकच्या भिंतीत सळई आणि ग्राउट : भोकं खालपर्यंत भरली हे कळायचं कसं?

घाटाखालचा

राम राम मंडळी. पाटण तालुक्यात, कोयनेच्या अलीकडं आमचं गाव. जुनं दगडमातीचं घर उतरवलंय आणि त्याच जोत्याशेजारी नवीन बांधतोय. तीन खोल्या, पडवी, वर सपाट स्लॅब. कराडच्या इंजिनिअरनी दिलेल्या नकाशात कॉलम नाहीत. ८ इंची पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या भिंती आहेत. चारही कोपरे, भिंती एकमेकींना भेटतात त्या जागा, आणि प्रत्येक दार-खिडकीच्या दोन्ही बाजू इथल्या भोकात १२ मिमी सळई उभी करून ते भोक ग्राउटनं, म्हणजे पातळ काँक्रीटनं भरायचं. अशी एकूण बावीस भोकं. जोत्याला, खिडकीच्या तळाला आणि लिंटेलला आडवा पट्टा.

गवंडी म्हणतो, "त्यात काय एवढं, थर चढवता चढवता उरलेला माल भोकात ढकलत जातो, आपोआप भरतंय." मला ते पटत नाहीये. भिंत वर गेली की आत डोकावता येत नाही. भोक खालपर्यंत भरलं की मध्येच अडकलं, हे सामान्य माणसानं ओळखायचं कसं?

कॉलमवाला

भाऊ, सरळ आरसीसी कॉलम-बीम करा आणि ब्लॉक नुसते भरायला वापरा. वीस वर्षं हेच करतोय. आणि ब्लॉकच्याच भिंती उभ्या करायच्या असतील तर बावीस कशाला, सगळीच भोकं काँक्रीटनं भरून टाका. भिंत भरीव झाली की भूकंपाचा बाप आला तरी हलत नाही. जिथं कंजुषी तिथं भेगा.

मिरजेची_वैशाली

आमच्याकडं पण पोकळ ब्लॉकच आहेत, कंपाउंडला. दोन पावसाळ्यांत जिन्यासारख्या तिरक्या भेगा पडल्या. भोकं भरली असती तर पडल्या नसत्या का? आता वरून ओतून भरता येतील का? सत्तर फूट भिंत आहे, शेताच्या कडेला.

कृष्णाकाठ

वैशालीताई, शेताच्या कडेला म्हणजे काळी माती असणार. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया वरखाली होतो. तिरकी पायऱ्यापायऱ्यांची भेग हे बहुतेक वेळा त्याचंच लक्षण असतं. भोकं भरून पाया थांबणार नाही, भिंत तेवढी जड होईल. तुमच्या भिंतीसाठी वेगळा धागा काढा, तिथं पायाची खोली आणि जॉइंट किती अंतरावर आहेत ते लिहा.

आता मूळ प्रश्न. मी स्ट्रक्चरचं काम करतो, या प्रकारच्या भिंती केल्यात आणि तोडूनही पाहिल्यात. नकाशा मला तरी योग्य वाटतो. कोयनेचा पट्टा भूकंपाच्या झोन ४ मध्ये येतो. आयएस ४३२६ या भूकंपाच्या बांधकामाच्या मानकाप्रमाणे तिथल्या साध्या एकमजली घराला कोपऱ्यात १० मिमी सळई किमान आहे, दोन मजले धरले तर खालच्या मजल्याला १२. तुमच्या इंजिनिअरनी पुढचा विचार करून १२ घेतलेली दिसते.

पण ही सळई काम कधी करते? भूकंपात भिंत आडवी ढकलली जाते तेव्हा तिची एक बाजू उचलली जायला बघते. ब्लॉकचा सांधा ताण घेत नाही, लगेच उघडतो. तो ताण सळईनं घ्यायचा असतो. सळईला घट्ट धरून ठेवायला तिच्याभोवती काँक्रीट हवं आणि त्या काँक्रीटनं ब्लॉकला आतून पकडलेलं हवं. मध्ये दोन फूट जरी रिकामं राहिलं तरी तेवढ्या भागात सळई नुसती भोकात लटकते, गंजते ती वेगळीच. म्हणून गवंड्याची "उरलेला माल ढकलतो" ही पद्धत चालणार नाही. सांध्याचा माल घट्ट असतो. तो भोकाच्या कडांना चिकटतो, सळईवर अडकतो, खाली पोकळी ठेवूनच बसतो. ग्राउट वेगळं कालवायचं आणि वेगळं ओतायचं.

कॉलमवाले साहेब, तुमचं अर्धं बरोबर आहे. भरलेली भिंत ताकदीला जास्त असते हे खरं. पण भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात येतो. ८ इंची पोकळ भिंत सगळी भरली तर तिचं वजन दीडपटीहून जास्त वाढतं आणि तेवढाच धक्काही वाढतो. शिवाय ज्या भोकात सळई नाही तिथलं काँक्रीट ताणाला काहीच देत नाही. भरायची ती सळईची भोकं, बाकीची पोकळच ठेवायची. कुठली लांब भिंत मध्ये आधाराविना जात असेल तर तिथं एखादी जादा सळई लागेल, ते इंजिनिअरला विचारा.

कॉलमवाला

वजनाचं मान्य. पण कॉलम डोळ्याला दिसतो, फळ्या काढल्या की हनीकोंब दिसतं, दुरुस्ती करता येते. तुमचं भोक म्हणजे बंद मूठ. आमच्या भागातला गवंडी ग्राउट नीट करेल यावर माझा भरवसा नाही. मालकाला झोप लागेल असं काम हवं.

कृष्णाकाठ

हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच तपासणीची सोय आधीपासून ठेवावी लागते. फक्त ६ इंची बारीक कॉलम, चार सळया, लांब लांब रिंगा आणि मध्ये ब्लॉक कोंबलेले, याला मी फ्रेम म्हणत नाही. गावाकडं ऐंशी टक्के तेच चालतं. नीट फ्रेम किंवा नीट सळईची भिंत, दोन्हीतलं एक पूर्ण करा.

उंब्रजचा_मिस्त्री

मी ब्लॉकचंच काम करतो. दोन गोष्टी कोण बोलंना म्हणून लिहितो.

एक, ब्लॉक कुठला आणलाय ते आधी बघा. आपल्याकडं बऱ्याच मशीनवर निघणाऱ्या ब्लॉकचं भोक एका बाजूनं बंद असतं. बंद बाजू वर ठेवली की माल पसरायला सोपं जातं, खाली सांडत नाही, म्हणून गवंड्यांना तोच आवडतो. त्या ब्लॉकात ग्राउट जाणार कुठून? प्रत्येक थराला झाकण आहे. तुम्हाला आरपार भोकाचा ब्लॉक पाहिजे. ऑर्डर देताना तोंडानं सांगून भागत नाही, एक ब्लॉक उचलून त्यातनं उजेड बघायचा.

दोन, सळई आधी दहा फूट उभी करून ठेवली तर प्रत्येक ब्लॉक वरनं ओवायला लागतो. माणूस शिडीवर, ब्लॉक डोक्यावर. दुपारपर्यंत पोरं वैतागतात आणि मग ब्लॉक फोडून बाजूनं घालतात, नाहीतर सळईच वाकवतात. आम्ही जोत्यातनं दोन फूट सळई वर काढतो. पाच थर लावतो. मग वरनं दुसरा तुकडा भोकात सोडतो, खालच्या सळईला दोन फूट जोड मिळतो. तो तुकडा पाच थरांच्या वर आणखी दोन फूट राहील एवढा ठेवायचा. दोन फुटांवरनं ब्लॉक ओवायला काय त्रास नसतो.

घाटाखालचा

मिस्त्री, आत्ताच जाऊन बघितलं. अंगणात उतरलेल्या ब्लॉकचं भोक खरंच एका बाजूनं बंद आहे! गवंडी म्हणतो हातोडीनं एक टोला दिला की झाकण उडतं. चालेल का?

उंब्रजचा_मिस्त्री

पातळ झाकण असलं तर उडतं. पण मधली भिंतड पण तडकते कधीकधी, आणि कडा आत राहतात. मी करत नाही. ज्याच्या अंगणात गाडी खाली झालीय तो करणार.

कृष्णाकाठ

माझं मत, सळईच्या बावीस भोकांना लागतील तेवढे ब्लॉक आरपारचे आणा. पंधरा थर धरले तर साधारण सव्वातीनशे. उरलेल्या भिंतीत आलेले ब्लॉक वापरा, उंची आणि ताकद सारखी असेल तर. झाकण फोडलेला ब्लॉक हातात घेऊन वाजवा. खणखणीत वाजला तर तडा नाही, बद्द वाजला तर बाजूला काढा. काही इंजिनिअर फोडलेले ब्लॉक अजिबात घेत नाहीत, काही घेतात. तुमच्या इंजिनिअरचा शब्द शेवटचा.

आता तपासणीचं, कारण प्रश्न तोच होता. मी एका कोपऱ्यापुरतं सांगतो, बाकी एकवीस तसेच.

पहिला थर लावताना सळईच्या भोकाच्या ब्लॉकला बाहेरच्या अंगानं तळाशी साधारण हाताचा पंजा जाईल एवढी खिडकी कापून ठेवा. पाच थर चढले की या खिडकीतून सळई दिसली पाहिजे, खाली सांडलेला माल खरवडून काढता आला पाहिजे. सांध्यातला माल आत फुगून येतो, तो ओला असतानाच गवंड्यानं काठीनं कापायचा. अर्ध्या इंचाहून जास्त बाहेर आलेला माल ग्राउट अडवतो. सळईच्या भोकाभोवती चारही बाजूंना माल पसरा, नाहीतर ग्राउट शेजारच्या भोकात पळेल.

ग्राउट म्हणजे एक भाग सिमेंट, अडीच भाग वाळू किंवा चांगली क्रश सँड, दीड भाग बारीक खडी, १० मिमीच्या आतली. पाणी भरपूर. स्लॅबच्या मालापेक्षा बरंच पातळ, ओतल्यावर धार लागेल असं. इथं गवंडी आणि सुपरवायझर दोघंही दचकतात, कारण त्यांना जास्त पाणी म्हणजे पाप शिकवलेलं असतं. इथं कोरडा ब्लॉक ते जादा पाणी काही मिनिटांत पिऊन घेतो. घट्ट माल ओतला तर ब्लॉक त्याचं पाणी शोषून त्याला वाटेतच आवळून टाकतो.

आणि आता सगळ्यात सोपी तपासणी. तुमच्या ब्लॉकचं भोक साधारण १५ सेंमी बाय साडेबारा सेंमी असेल. एका थराची उंची सांध्यासकट २० सेंमी. म्हणजे एका थराला पावणेचार लिटर, पाच थरांना पावणेएकोणीस. रंगाची २० लिटरची बादली घ्या. पाच थरांच्या एका भोकाला जवळजवळ एक पूर्ण बादली गेलीच पाहिजे. अर्धी बादली जाऊन भोक तोंडापर्यंत आलं तर आत बूच बसलंय. ब्लॉक थोडे वेगळे असतील तर एक भोक कोरड्या वाळूनं भरून मोजा आणि आपला आकडा काढा. बावीस भोकांची यादी भिंतीवर कोळशानं लिहा, समोर बादल्यांची खूण करा.

दुसरी खूण म्हणजे ग्राउट तळाच्या खिडकीत दिसायला हवं. दिसलं की फळी टेकवून दाबा. तिसरी, थोड्या वेळानं ब्लॉकच्या बाहेरच्या अंगावर ओल उमटते. ती खालपासून वरपर्यंत सलग गडद दिसते. मध्येच एखादा थर कोरडा राहिला तर तिथं हातोडीचं टोक वाजवा.

एकदम सगळं ओतू नका. बादलीचा तिसरा हिस्सा ओता, सळईनं खोचा, पुन्हा ओता. बारीक सुईचा व्हायब्रेटर मिळाला तर उत्तम. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी शोषल्यामुळे ग्राउट खाली बसतं, तेव्हा पुन्हा एकदा खोचून वर भर घाला. आणि वरच्या ब्लॉकच्या तोंडापासून दीडेक इंच खाली थांबा, म्हणजे पुढचं ग्राउट त्यात गुंतेल आणि सांधा ब्लॉकच्या सांध्याच्या पातळीत येणार नाही.

ऑकलंडकर

मूळचा वाईचा, इथं ब्लॉकवर्कच्या साइटवर आहे. तळाची खिडकी उघडी दाखवल्याशिवाय आमच्याकडं ग्राउट ओतूच देत नाहीत. २०११ च्या क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर फुटलेल्या काही भिंतींत सळया होत्या पण भोकं रिकामी निघाली. कागदावर सगळं होतं. एक विचारू का, तुमच्याकडं लाइटवाले नंतर भिंत कापतात, त्यांना सळईची भोकं कोण दाखवणार?

घाटाखालचा

बाप रे, हे डोक्यातच नव्हतं. बोर्डाच्या जागा अजून ठरायच्यात.

कृष्णाकाठ

ठरवून घ्या, आणि पाइप रिकाम्या भोकांतून न्या. पोकळ भिंतीचा तो एक खरा फायदा आहे. दार-खिडकीला लागून बोर्ड घ्यायची सवय असते. तिथंच सळई असते, म्हणून बोर्ड एक ब्लॉक पलीकडं सरकवा.

सज्जनगडवाला

जरा वेगळं. आमच्याकडं गवंडी ब्लॉक टाकीत बुडवून लावतात, विटेसारखे. कृष्णाकाठांनी लिहिलंय कोरडा ब्लॉक पाणी पितो. मग भिजवलेला बरा ना? पाणी पिणार नाही.

कृष्णाकाठ

नको. काँक्रीट ब्लॉक ओला असताना फुगलेला असतो, भिंतीत वाळला की आकसतो आणि उभ्या भेगा देतो. पूर्ण पिकलेला आणि सुकलेला ब्लॉकच लावायचा, फार ऊन असेल तर वरचा काठ ओल्या फडक्यानं पुसायचा. पाटणला वळवाचा भरवसा नाही, थप्पीवर ताडपत्री टाका आणि खाली लाकडं द्या. ग्राउटची काळजी पातळ माल घेतो, त्यासाठी ब्लॉक भिजवायची गरज नाही.

घाटाखालचा

मंडळी, पहिले पाच थर झाले, काल ग्राउट ओतलं. आरपारचे ब्लॉक आणले. गवंडी आधी नाराज होता. बादलीच्या खुणा करताना मात्र त्यालाच मजा वाटायला लागली.

एकवीस भोकांना बादली बादली गेली, थोडं कमीजास्त. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या डावीकडचं भोक तिसरा हिस्सा बादलीतच तोंडाला आलं. तळाच्या खिडकीत ग्राउट दिसेना. खोचलं तर सळई खडखडत होती पण माल सरकेना. ओल वरच्या दोन थरांवर उमटली, खाली कोरडं. चौथ्या थराला हातोडी वाजवली तर वर बद्द आणि खाली पोकळ आवाज. गवंड्यानं तिथलं बाहेरचं कवच छिन्नीनं उघडलं. आत सांध्याचा माल दोन्ही बाजूंनी पुढं येऊन सळईला टेकला होता आणि त्यावर ब्लॉकचा एक तुकडा आडवा बसला होता. खाली तीन थर कोरडे. ग्राउट ओलं होतं, म्हणून सगळं काढून पाण्यानं धुतलं, त्याच भोकशातून खालचे थर भरले, मग फळी ठोकून वरचे.

आता शंका. कवच उघडलं तिथं फळी काढल्यावर नुसतं ग्राउट दिसतंय. गिलावा केला की चालेल का?

कृष्णाकाठ

चालेल. तिथं ग्राउटच कवचाचं काम करेल, वरून गिलावा. त्याच दिवशी पकडलं हे बरं झालं. दुसऱ्या दिवशी सापडलं असतं तर कडक झालेलं काँक्रीट सळईभोवतून छिन्नीनं काढायला लागलं असतं आणि शेजारचे सांधे हलले असते.

मिरजेची_वैशाली

हे वाचून मी आमच्या कंपाउंडला हातोडी वाजवत फिरले. सगळीकडं पोकळच वाजतंय! घाबरले आधी, मग लक्षात आलं की भरलंच नव्हतं. वेगळा धागा काढते.

कॉलमवाला

बादलीचा हिशोब आवडला. एकूण खर्चाचा अंदाज द्या की. कॉलमशी तुलना करू.

कृष्णाकाठ

पंधरा थर म्हणजे एका भोकाला छप्पन लिटर, बावीसना साधारण सव्वा घनमीटर. सिमेंट दहा ते बारा पोती. सळई मिस्त्रींच्या पद्धतीनं तुकडे जोडत गेलो तर पायापासून स्लॅबमध्ये वळवण्यापर्यंत एका जागी सव्वासहा मीटर, सगळी मिळून सव्वाशे किलोच्या आसपास. आडवे पट्टे वेगळे, ते कॉलमच्या घरातही लिंटेलला असतातच. तुमचे कॉलम, फुटिंग आणि सेंट्रिंग मांडा आणि इथंच टाका. माझ्या मते फरक राहतो. पण जागेवर रोज एक लक्ष देणारा माणूस लागतो, त्याची मजुरी दोघंही धरत नाही.

कॉलमवाला

मांडतो रविवारी. आणि वरचा मजला काढायचा म्हटला तर? घाटाखालचा भाऊ बोलला नाही, पण मुलं मोठी झाली की निघतोच.

घाटाखालचा

निघणार हो. म्हणूनच विचारायचं होतं, स्लॅबच्या वर सळया सोडू का? पाच-सात वर्षं उघड्या राहतील आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीय.

उंब्रजचा_मिस्त्री

सोडा दोन फूट, आणि प्रत्येकीवर कच्च्या मालाचा खुंटा करा. लागेल तेव्हा फोडायचा. सगळे तेच करतात.

कृष्णाकाठ

सोडायच्या हे नक्की, नाहीतर वरच्या भिंतीची सळई खालच्याला जोडणार कशी? खुंट्याबद्दल मात्र मला खात्री वाटत नाही. कच्चा माल पाणी धरून ठेवतो आणि स्लॅबच्या तोंडाशी, जिथं सळई सगळ्यात महत्त्वाची, तिथंच गंज बसतो. मी सिमेंटचा दाट हात देऊन वर पक्क्या काँक्रीटचा खुंटा करतो, तरी फोडल्यावर एकदोन सळया बारीक झालेल्या निघाल्यात. कोकणाकडं किंवा महाबळेश्वरच्या अंगाला कुणी दहा वर्षांनी असे खुंटे फोडले असतील तर त्यांनी सांगावं, आत काय निघालं.

ऑकलंडकर

पॅरापेटच पोकळ ब्लॉकचं करून त्याच भोकांत त्या घ्या की. ग्राउट करू नका, वर टोपी.

उंब्रजचा_मिस्त्री

टोपीतनं पाणी जाणार. पाटणला जातंच.